जांभळाच्या झाडाखालची फाइल

कृष्ण चंदर यांच्या ‘जामुन का पेड’ या कथेत सचिवालयाच्या आवारात वादळाने झाड कोसळते आणि एक माणूस त्याखाली अडकतो. झाड हलवायला परवानगी हवी, म्हणून फाइल निघते. शेती खाते फळझाड म्हणून ती उद्यान खात्याकडे ढकलते. तिथे उत्तर मिळते, की फळझाड तोडता येणार नाही.

विनोद घडतो तो पात्रांच्या बोलण्यातून. कोणीच दुष्ट नाही. प्रत्येक जण नियमाच्या भाषेत अगदी मनापासून, शांतपणे बोलतो. अडकलेला माणूस कवी आहे हे कळताच अकादमीचा सचिव त्याला सदस्यत्व देतो, पण झाड हटवणे आपल्या अखत्यारीत नसल्याचे सांगतो. इथे लेखकाने सचिवाला खलनायक केले असते, तर उपहासाची धार गेली असती. अखेर मंजुरी येते, तेव्हा कवी मेलेला असतो.