शाळेची फी : एकरकमी की हप्त्यांनी?

एप्रिल-मे महिन्यात शाळेकडून पुढच्या वर्षीच्या फीचं पत्रक येतं. खाली एक ओळ असते : वर्षाची संपूर्ण फी जूनमध्ये भरल्यास पाच टक्के सवलत, नाहीतर चार समान हप्ते. त्यावर घरात साधारण असं बोलणं होतं, की पाच टक्क्यांसाठी एवढी मोठी रक्कम आधी का द्यायची? बँकेत मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात, पैसे आपल्याकडेच राहू देत. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण हिशेब चुकतो. आणि तो दरवर्षी चुकत असल्याने मूल पहिलीतून दहावीत जाईपर्यंत बरीच रक्कम हातची जाते.

चूक अशी होते. बँकेचे सात टक्के मिळण्यासाठी पैसे पूर्ण वर्षभर ठेवावे लागतात. शाळेला आपण जे पैसे आधी देतो ते मात्र वर्षभर आपल्याकडे राहणारच नव्हते. काही सप्टेंबरमध्ये जाणार होते, काही डिसेंबरमध्ये, काही मार्चमध्ये. शिवाय पहिला हप्ता तर दोन्ही पर्यायांत जूनमध्येच भरायचा आहे, त्यामुळे तो तुलनेत धरायचाच नाही.

समजा, फी ८४,००० रुपये आहे. चार हप्ते म्हणजे २१,००० रुपये जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये. एकरकमी भरली तर पाच टक्के वजा जाऊन ७९,८००. जूनमध्ये २१,००० तसेही द्यायचेच होते, म्हणजे एकरकमीसाठी जास्तीचे द्यावे लागले ते ५८,८०० रुपये. त्याच्या बदल्यात पुढचे ६३,००० द्यावे लागत नाहीत. वाचले ४,२०० रुपये. हे ५८,८०० आपण किती काळ आधी दिले? तीन, सहा आणि नऊ महिने, म्हणजे सरासरी सहा महिने. सहा महिन्यांत ५८,८०० वर ४,२०० म्हणजे सात टक्क्यांहून थोडं जास्त. वर्षाच्या हिशेबाने चौदा टक्क्यांच्या वर. इतका परतावा, तोही जोखमीशिवाय आणि करमुक्त, सामान्य माणसाला कुठलीही बँक देत नाही.

हा हिशेब कोणालाही घरी करता येतो. एकरकमी भरून जेवढे रुपये वाचतात, त्यांना जूनमध्ये जास्तीच्या द्याव्या लागणाऱ्या रकमेने भागायचं, येणारा आकडा टक्क्यांत मांडायचा आणि दुप्पट करायचा. हप्ते वर्षभर सारख्या अंतराने पसरलेले असतील, तर ते दोन असोत, चार असोत की बारा, पहिला सोडून उरलेल्यांची सरासरी मुदत सहा महिनेच येते, म्हणून दुप्पट. याच शाळेने दोनच हप्ते ठेवले असते, ४२,००० जूनमध्ये आणि ४२,००० डिसेंबरमध्ये, तर जास्तीचे फक्त ३७,८०० द्यावे लागले असते आणि त्यावर तेच ४,२०० वाचले असते. तो दर वर्षाला बावीस टक्क्यांवर जातो. हप्ते जितके कमी, तितकी तीच सवलत जास्त मोलाची. उलट बारा मासिक हप्त्यांची सोय असेल, तर पाच टक्के सवलतीचा दर साडेअकराच्या आसपास येतो.

सवलत कमी असेल तर चित्र बदलतं. चार हप्त्यांच्या शाळेत तीन टक्के सवलत म्हणजे वर्षाला साधारण सव्वाआठ टक्के, दोन टक्के म्हणजे साडेपाच. म्हणून माझ्या मते तीन टक्क्यांना हातात पैसे असतील तर भरावी, दोन टक्क्यांना आग्रह धरू नये. सवलतच नसेल तर हप्त्यांनीच द्यावी, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता खरा प्रश्न असा, की जूनमधले ते ५८,८०० येतात कुठून? इथे उत्तर घराघरांत वेगळं होतं. बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत पडलेले असतील तर उत्तम. पण आजारपणासाठी किंवा नोकरी गेल्यास घर चालावं म्हणून ठेवलेली तीन-चार महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी फोडून फी भरू नये. शाळेत एकदा भरलेले पैसे ऑगस्टमध्ये कोणी दवाखान्यात दाखल झालं म्हणून परत मागता येत नाहीत. चौदा टक्के कमावण्यासाठी तो आधार घालवणं मला पटत नाही.

कर्ज काढून एकरकमी भरायची असेल, तर आपण काढलेला दर समोर ठेवावा. चौदा टक्के वाचवण्यासाठी चौदा-पंधरा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज घेतलं, वर प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी दिला, की हाती काही उरत नाही. क्रेडिट कार्डावर भरून बिल थकवलं तर व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतं, दोन महिन्यांतच सगळी सवलत खाऊन टाकतं. बिल वेळेवर भरणाऱ्यांनीही एक गोष्ट बघावी. शाळेच्या ऑनलाइन पेमेंटमध्ये कार्ड निवडलं की एक टक्का सुविधा शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी लागत असेल, तर ७९,८०० वर साडेनऊशेच्या जवळपास रुपये जातात. म्हणजे वाचलेल्या ४,२०० मधला पाचवा हिस्सा भरताना गेला. बँक खात्यातून यूपीआयने भरलं तर हा खर्च टळू शकतो. एक लाखाच्या मर्यादेत आपली फी बसत नाही म्हणून कोणी कार्डाकडे वळत असेल, तर शिक्षणसंस्थांना भरायच्या रकमेसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे. आपली बँक ती देते का आणि शाळेचं खातं त्या प्रकारात नोंदलेलं आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं.

अलीकडे अनेक शाळा ‘बिनव्याजी ईएमआय’ देतात. पालकाला वाटतं, शाळाच हप्ते पाडून देते आहे. पुष्कळदा तसं नसतं. एखादी वित्तसंस्था शाळेला सगळी फी लगेच देते आणि पालक त्या संस्थेचा कर्जदार होतो. खात्यातून दरमहा रक्कम कापायची परवानगी घेतली जाते, हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि त्याची नोंद सिबिलमध्ये होते. व्याज नाही म्हटलं तरी एकरकमीची पाच टक्के सवलत सोडावी लागते, तीच या कर्जाची किंमत. सही करण्याआधी कर्जाची मुख्य माहिती देणारं पत्रक मागावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ कर्जांना ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि सगळे खर्च धरून वर्षाचा प्रत्यक्ष दर किती पडतो ते त्यात लिहिलेलं असतं. मूल मध्येच शाळा सोडून गेलं तर उरलेल्या हप्त्यांचं काय, हे मात्र शाळा आणि वित्तसंस्था दोघांकडूनही लेखी घ्यावं.

मग ज्यांच्याकडे जूनमध्ये जास्तीचे पैसे नाहीत, त्यांनी कायम हप्त्यांतच राहायचं का? नाही, पण एका वर्षात उडी मारता येत नाही. कारण त्या वर्षी चालू वर्षाचे हप्ते आणि पुढच्या वर्षाची बचत असा दुहेरी भार पडतो. पगारातून दरमहा ७,००० फीसाठी बाजूला काढणाऱ्या घराने आणखी तेवढेच काढायचे म्हटले, तर तिसऱ्या महिन्यात ते मोडतं. दोन वर्षं घेतली तर जमतं. वरच्या उदाहरणात लागणारे ५८,८०० चोवीस महिन्यांत विभागले तर महिन्याला २,४५० येतात. त्याची बँकेत दोन वर्षांची आवर्ती ठेव उघडायची. मुदत मे महिन्यात संपेल अशा बेताने सुरुवात करायची, म्हणजे पैसे फीच्या तारखेआधी हातात असतात. व्याज जे मिळेल ते फीवाढीला उपयोगी पडतं. दोन वर्षांनी जूनमध्ये नेहमीचे २१,००० आणि हे साठलेले मिळून एकरकमी फी भरली, की गाडी रुळावर येते. त्यानंतर पुढच्या जूनसाठी दरमहा ६,६५० पुरतात, आधीच्या सात हजारांपेक्षा कमीच.

ही रक्कम घरखर्चाच्या खात्यात ठेवू नये. दिवाळीत ती फी राहत नाही, शिल्लक वाटायला लागते. पगार ज्या तारखेला येतो, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आपोआप आवर्ती ठेवीत वळती होऊ द्यावी. हप्ते भरणाऱ्यांनीही शेवटच्या तारखेऐवजी पगाराला लागून असलेला दिवस धरावा. उशिराबद्दल रोज पन्नास रुपये दंड असेल आणि बारा दिवस उशीर झाला, तर सहाशे रुपये जातात. एका हप्त्यावर वाचलं असतं त्याच्या निम्म्याच्या आसपास ही रक्कम आहे.

जूनचा महिनाच अडचणीचा आहे, हेही धरून चालावं. वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, बसचा पहिला हप्ता हे सगळं फीच्या पंधरवड्यातच येतं. फीच्या पत्रकात ते नसतं, म्हणून अंदाज चुकतो. त्या महिन्यात विम्याचा वार्षिक हप्ता येत असेल तर विमा कंपनीला सहामाही किंवा तिमाही हप्त्याचं विचारता येतं. पण त्यावर जास्त आकार लागतो का ते याच भागाकाराने तपासावं. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, तिथे हा सगळा ताण मार्च-एप्रिलमध्ये येतो. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनी त्या वेळी आणखी एक बघावं. शिकवणीशुल्काची वजावट दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मिळते, ती पैसे ज्या आर्थिक वर्षात भरले त्या वर्षासाठी. मार्चअखेर भरलेले आणि एप्रिलमध्ये भरलेले पैसे वेगवेगळ्या वर्षांत मोजले जातात. देणगी, विकास निधी आणि बसभाडं त्यात येत नाही, म्हणून पावतीवर शिकवणीशुल्क वेगळं दाखवून घ्यावं.

ज्यांचं उत्पन्न शेतीवर आहे, त्यांना हा पगारदाराचा हिशेब लागू पडत नाही. जूनमध्ये बी-बियाणं आणि खत घ्यायचं असतं, सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, कापसाचे त्याच्याही नंतर. अशा घराने पाच टक्क्यांसाठी खताचे पैसे शाळेत भरले आणि मग सावकाराकडे गेले, तर तोटाच होतो. त्यांच्यासाठी हप्तेच बरे, पण हप्त्यांच्या तारखा बदलून मागाव्यात : जूनमध्ये लहान, दिवाळीनंतर मोठा. २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. रकमेवर तिथे वाद होतो, तारखांबद्दल क्वचितच कोणी बोलतं. पत्रक छापून आल्यावर एकट्याने केलेल्या विनंतीपेक्षा, त्या समितीतल्या पालकांमार्फत आधीच केलेली मागणी शाळेला मान्य करणं सोपं जातं. ती बैठक फीचं पत्रक निघण्याच्या बरीच आधी होते, म्हणून तिची तारीख शाळेच्या कार्यालयात विचारून ठेवावी.