शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

कारखान्याची किंवा कंपनीची खरेदी, साठा, विक्री, पगार आणि हिशेब ज्या एकाच संगणकप्रणालीवर चालतात तिला ईआरपी म्हणतात. जुनी ईआरपी बंद करून नवी सुरू करायची, तर सगळा व्यवहार थांबवण्यासाठी शनिवार-रविवारच हाताशी असतो. शुक्रवारी संध्याकाळी जुन्या प्रणालीतल्या नोंदी बंद करायच्या, माहिती काढून नव्या साच्यात बसवायची, भरायची, तपासायची आणि सोमवारी पहिल्या पाळीला दरवाजे उघडायचे. या मुदतीला कटओव्हर म्हणतात. नाटकाची रंगीत तालीम जशी खरे कपडे, खरा प्रकाश आणि खरी वेळ धरून होते, तशी या मुदतीची तालीम आधी करावी लागते. तिला मॉक रन म्हणतात.

अशी तालीम झाल्याचे बहुतेक प्रकल्पांच्या कागदांवर दिसते. ती खऱ्या दिवसासारखी होती का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते सगळे त्याच्यावरच अवलंबून असते.

समजा, चाकणजवळच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा, म्हणजे ६० तास मिळणार आहेत. पहिल्या मॉकमध्ये साठ्याच्या फक्त एक दशांश नोंदी भरल्या आणि ५० मिनिटे लागली. त्यावरून सगळ्या साठ्याला साडेआठ तास पुरतील असा हिशेब मांडला. दुसऱ्या मॉकमध्ये सगळा साठा भरला, तेव्हा १७ तास लागले.

कारण शोधल्यावर सापडले ते असे. वेळ वाचावा म्हणून नोंदी आठ समांतर रांगांत वाटल्या होत्या. पण एकच माल तीन-चार गोदामांत असतो, आणि त्याच्या नोंदी वेगवेगळ्या रांगांत गेल्या होत्या. एक रांग त्या मालाची किंमत बदलत असताना प्रणाली ती नोंद कुलूपबंद ठेवते, म्हणून बाकीच्या रांगा ताटकळत उभ्या राहतात. थोड्या नोंदींत अशी टक्कर क्वचित होते, त्यामुळे पहिल्या मॉकमध्ये तिचा मागमूसही लागला नाही. एका मालाच्या सगळ्या नोंदी एकाच रांगेत टाकल्यावर तेच काम सहा तासांत झाले. म्हणून निदान एक मॉक तरी पूर्ण आकाराचा हवा. दहा टक्क्यांच्या चाचणीला दहाने गुणून वेळ काढता येत नाही.

दुसऱ्या मॉकला एकूण ७१ तास लागले. घड्याळाची नोंदवही उघडली, तर त्यांतले सहा तास संगणक काहीच करत नव्हता. साठा भरून झाला होता रात्री अडीचला, पण पुढची पायरी सुरू करायला हिशेब विभागाची सही हवी होती, आणि सही करणारे सकाळी साडेआठला आले. म्हणून प्रत्येक पायरीपुढे केवळ ‘किती तास’ लिहून भागत नाही. पायरी कोण सुरू करणार, संपली हे कोण कोणाला कळवणार, सही कोणाची आणि ती व्यक्ती नसेल तर कोणाची, हेही लिहावे लागते. तिसऱ्या मॉकमध्ये त्याच माणसांना त्याच रात्री जागवले. साठ्याचे अकरा आणि प्रतीक्षेतले सहा तास वाचून एकूण वेळ ५४ तासांवर आला. हाताशी सहा तास राखीव राहिले.

पण वेळेत भरलेली माहिती बरोबर आहे, हे कशावरून? त्यासाठी जुळवणी लागते. ही जुळवणी तीन थरांची असते: नोंदींची संख्या, रकमांची बेरीज आणि काही निवडक नोंदींची ओळीगणिक तपासणी. नुसती बेरीज फसवते. एका ग्राहकाची येणी दोनदा चढली आणि तेवढ्याच रकमेचा दुसरा ग्राहक राहून गेला, तर संख्या आणि बेरीज दोन्ही जुळतात.

याच कारखान्यात पुरवठादारांची निव्वळ देणी जुन्या प्रणालीत ६,३८,२०,००० रुपये होती आणि नव्या प्रणालीत ६,४५,८०,०००. फरक ७,६०,००० रुपयांचा. अशा वेळी जुने हिशेबनीस फरकाची निम्मी रक्कम आधी शोधतात, कारण चिन्ह उलटले की चूक दुप्पट दिसते. ३,८०,००० रुपयांची एक आगाऊ रक्कम खरोखरच सापडली. ती पुरवठादाराकडून येणे होती, पण देणे म्हणून चढली होती. ही एक नोंद हाताने दुरुस्त करून चालत नाही. रूपांतराचा नियम दुरुस्त केला नाही, तर पुढच्या महिन्यातल्या सगळ्या आगाऊ रकमा पुन्हा उलट्या चढतील.

साठ्यात आणखी बारीक गोष्ट निघाली. वॉशरचे नग बरोबर १२ लाख भरले होते. दर जुन्या प्रणालीत नगाला ०.३४७५ रुपये होता. नव्या प्रणालीत किमतीला दोनच दशांश स्थळे होती, म्हणून तो ०.३५ झाला. मूल्य ४,१७,००० ऐवजी ४,२०,००० निघाले. एका वॉशरवर तीन हजारांचा फरक, आणि असे लहान भाग शेकड्यांनी असतात. उपाय सोपा होता: दर एका नगाचा न देता हजार नगांचा ३४७.५० रुपये असा द्यायचा. पण जुळवणी करताना ‘थोडाफार फरक चालतो’ म्हटले असते, तर हे कधीच कळले नसते. फरकाची मर्यादा ठरवायला हरकत नाही; मात्र त्या मर्यादेतल्या फरकाचेही कारण लिहिता आले पाहिजे.

सगळ्यांत भरवशाची तपासणी एका तात्पुरत्या खात्याची असते. साठा, येणी, देणी आणि मालमत्ता भरताना प्रत्येक नोंदीची दुसरी बाजू या खात्यात जाते. शेवटी तेरजेतल्या शिलका त्याच खात्याविरुद्ध चढवल्या की ते शून्यावर यायला हवे. रुपयाही उरला, तर कोणत्या तरी तपशिलाचा मूळ हिशेबाशी मेळ बसलेला नाही.

तालमीचा दिवस निवांत असेल, तर तीही फसवी ठरते. अमेरिकेत वीज आणि गॅस पुरवणाऱ्या नॅशनल ग्रिडने ५ नोव्हेंबर २०१२ रोजी नवी सॅप प्रणाली सुरू केली. जेमतेम आठवडाभर आधी सँडी वादळ येऊन गेले होते आणि कर्मचारी ठिकठिकाणी जादा तास राबत होते. अनेकांचे पगार चुकीचे निघाले, पुरवठादारांची बिले तुंबली आणि महिन्याचा हिशेब बंद करायला पूर्वी चार दिवस लागत, ते ४३ झाले. त्यामुळे मॉकसाठी महिनाअखेरची गर्दी, ओव्हरटाइम, परत आलेला माल अशी अवघड माहिती मुद्दाम निवडावी.

काही गोष्टींची तालीम मात्र होत नाही. खरे ई-इन्व्हॉइस मॉकमध्ये काढता येत नाहीत. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बीजकाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही आणि तो १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा लागतो, म्हणून नव्या प्रणालीची क्रमांकमाला वेगळ्या अक्षरांनी सुरू करून ती आधी कागदावर तपासावी. शुक्रवारी वाटेवर असलेल्या ट्रकांची यादीही हातानेच करावी लागते. तो माल जुन्या प्रणालीतून निघालेला असतो आणि उतरतो नवीत.

माघारीची वेळही तिसऱ्या मॉकच्या आकड्यांवरून ठरते. जुन्या प्रणालीत फक्त नोंदी बंद केलेल्या असतात, म्हणून रविवारी रात्री ती पुन्हा खुली करणे सोपे असते. सोमवारी नव्या प्रणालीतून पहिले बीजक निघाले आणि पहिला माल जमा झाला, की परतण्यासाठी ते सगळे व्यवहार जुन्यात हाताने चढवावे लागतात. या कारखान्याने निर्णयाची वेळ रविवारी रात्री आठची ठेवली. तोवर तात्पुरते खाते शून्यावर नसेल आणि उरलेल्या रकमेचे कारण लेखी नसेल, तर जुनी प्रणाली खुली करायची आणि सोमवारची पहिली पाळी तिच्यावरच चालवायची.