फोटोतला बैल रंगवण्याच्या पानावर

मुलांच्या रंगवण्याच्या पानावर काळ्या रेषा असतात आणि त्या रेषांनी वेढलेल्या पांढऱ्या जागा असतात. फोटोत मात्र रेषा नसतात. तिथे असतात उजेडाचे आणि रंगाचे लाखो ठिपके. म्हणून फोटोवरून असे पान तयार करताना एक जागा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे कोणाला तरी ठरवावे लागते. पोळ्याला सजवलेल्या खिलार बैलाचा फोटो घेतला, तर या कामातल्या बहुतेक अडचणी एकाच चित्रात भेटतात: पांढुरके अंग, मागे उजळ आकाश, पायांत गवत आणि पाठीवर नक्षीची झूल.

फोटो निवडतानाच निम्मे काम होते. बैल पूर्ण बाजूने दिसावा, चारही पाय सुटे दिसावेत आणि शिंगांच्या मागे झाडाच्या फांद्या नसाव्यात. ढगाळ दिवसाचा किंवा सावलीतला फोटो उत्तम, कारण भर उन्हात झुलीची गडद सावली पोटावर पडते आणि ती अंगाच्या कडेसारखीच ठळक दिसते. फोटोची मूळ फाईल वापरावी. मेसेजमधून आलेल्या फोटोचा आकार कमी केलेला असतो आणि कडांभोवती चौकोनी डाग आलेले असतात. फोटो दुसऱ्याचा असेल, तर त्यावरून काढलेले चित्र पुस्तकात छापण्याआधी त्याची परवानगी घ्यावी लागते.

पहिला मोह होतो तो संगणकाकडून रेषा काढून घेण्याचा. जिम्प या मोफत प्रोग्राममध्ये फोटो काळा-पांढरा करून `Filters > Edge-Detect > Difference of Gaussians` हा फिल्टर लावला की क्षणात रेखाटनासारखे काहीतरी दिसू लागते. हा फिल्टर फोटोच्या दोन प्रती वेगवेगळ्या प्रमाणात धूसर करतो आणि त्यांच्यातला फरक दाखवतो. जिथे उजेड अचानक बदलतो तिथे हा फरक मोठा येतो. म्हणजे संगणकाला बैल दिसत नाही, फक्त उजेडातला बदल दिसतो.

खिलार बैलाच्या फोटोत याचा परिणाम लगेच कळतो. गवताच्या प्रत्येक पात्याला कड आहे, म्हणून पायांभोवती रेघोट्यांचे रान माजते. झुलीवरचा प्रत्येक आरसा आणि टाका उमटतो. उलट पांढुरकी पाठ आणि उजळ आकाश यांच्या उजेडात फरकच नसल्यामुळे वशिंडापासून शेपटीपर्यंतची सगळ्यात महत्त्वाची रेषा मध्येच नाहीशी होते. मग `Colors > Threshold` वापरून चित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आणले, तरी पेच सुटत नाही. मर्यादा एका बाजूला सरकवली की रेघोट्या वाढतात, दुसऱ्या बाजूला सरकवली की त्यांच्याबरोबर बैलाचीही कड जाते. तेव्हा यंत्राचे हे रेखाटन मुखवट्याच्या बारकाव्यांसाठी समोर ठेवावे. पानावरच्या रेषा हाताने गिरवाव्यात.

गिरवण्यासाठी इंकस्केप हा मोफत प्रोग्राम सोयीचा आहे. आधी पानाचा आकार ए-४ ठेवावा, फोटो त्यात बसवून साधारण ४० टक्के फिका करावा आणि तो लेयर कुलूपबंद करावा. दुसऱ्या लेयरवर पेन टूलने रेषा काढायची. बिंदू जितके कमी, तितका वळसा सफाईदार. पाठीच्या लांब कमानीला चार-पाच बिंदू पुरतात. जिथे कड दिसत नाही तिथे बैलाच्या ठेवणीवरून रेषा पुरी करावी. गवतात बुडालेले खूर काढून दाखवावेत, कारण खुरांशिवाय पाय हवेत संपल्यासारखे वाटतात.

रेषा सुट्या न काढता प्रत्येक अवयव एक बंद आकार म्हणून काढणे ही या कामातली खरी युक्ती आहे. पलीकडचे दोन पाय, मग धड आणि मान, मग अलीकडचे पाय, त्यावर झूल, गळ्यातली घुंगुरमाळ, शेवटी डोके, शिंगे आणि बाशिंग, असे मागून पुढे यावे. गिरवताना आकार पोकळ ठेवावेत, म्हणजे खालचा फोटो दिसत राहतो. सगळे झाले की प्रत्येकात पांढरा रंग भरावा. मग झुलीखाली आलेली पाठीची रेषा आपोआप झाकली जाते आणि दोन अवयवांच्या सांध्यात फट राहत नाही.

काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे रंगवणाऱ्या मुलाच्या वयावरून ठरते. चार-पाच वर्षांचे मूल जाड मेणखडू वापरते. त्या खडूने अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान जागा रंगवता येत नाही. म्हणून झुलीवर डझनावारी आरसे असले, तरी पानावर सात-आठ मोठे गोल आणि एक रुंद किनार पुरे. अंगावरच्या छटा आणि केस पूर्ण गाळावेत. वशिंड आणि मागे वळलेली लांब शिंगे मात्र ठळक हवीत, कारण खिलार ओळखू येतो तो त्यांच्यावरूनच. या वयासाठी बाहेरची रेषा सुमारे सव्वा मिलिमीटर आणि आतली पाऊण मिलिमीटर जाडीची चांगली दिसते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी अर्धा मिलिमीटर पुरतो आणि नक्षीही वाढवता येते. रेषांची टोके व कोपरे गोल ठेवावेत. पूर्ण झालेले चित्र लहान-मोठे केले की जाडीही बदलू शकते, म्हणून जाडी छपाईच्या आकारातच ठरवावी.

यानंतर गळती शोधायची. चित्र ३०० डीपीआयने पीएनजी म्हणून बाहेर काढले, की ए-४ पानाचे २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे चित्र मिळते. ते जिम्पमध्ये उघडून बकेट टूलने एकेका जागेत रंग ओतावा. किनारीत ओतलेला पिवळा सगळ्या झुलीभर पसरला, तर किनारीची रेषा कुठेतरी कडेपर्यंत पोचलेली नाही. खुरांच्या वरची आडवी रेषा, शेपटीचा गोंडा आणि शिंगांवरचे पट्टे इथे अशा फटी हमखास राहतात, कारण या रेषा बंद आकाराच्या आत सुट्या काढलेल्या असतात. इंकस्केपमध्ये परत जाऊन त्या रेषेचे टोक किंचित पुढे ओढले की फट बुजते.

दुसरी तपासणी नजरेची. फोटोचा लेयर बंद करून चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. तेवढ्यातही बैल ओळखू आला, तर बाह्यरेषा बरोबर आहे. पलीकडचे पाय अलीकडच्या पायांत मिसळून गेले असतील, तर ते थोडे पुढे-मागे सरकवावेत. फोटोशी ते तंतोतंत जुळले नाही तरी चालते.

संगणकाशिवायही हेच करता येते. फोटोची फिकी छापील प्रत घेऊन तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा, काळ्या पेनाने गिरवावे आणि तो कागद ३०० किंवा ६०० डीपीआयने स्कॅन करावा. इथे मात्र `Threshold` नीट चालते, कारण कागदावर फक्त काळी शाई आणि पांढरा कागद असतो. इंकस्केपमधल्या `Path > Trace Bitmap` ने त्या रेषा लहान-मोठ्या करता येण्याजोग्या आकारांत बदलतात. त्यात `Speckles` हा पर्याय थोडा वाढवला की स्कॅनमधले धुळीचे ठिपके गळून पडतात.

छपाईसाठी चारही बाजूंना किमान १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, कारण बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या काठापर्यंत छापत नाहीत. पुस्तक छापखान्यात जाणार असेल, तर रेषा फक्त काळ्या शाईत हव्यात असे सांगावे. काळा रंग चार शायांच्या मिश्रणातून छापला आणि एखादी शाई किंचित सरकली, तर रेषेला रंगीत झालर येते. स्केचपेनची शाई कागदाच्या मागे उतरते, म्हणून पानाची मागची बाजू कोरी ठेवावी. छपाईसाठी पीडीएफ द्यावी आणि मूळ एसव्हीजी फाईल जपून ठेवावी. मोठ्या मुलांसाठी त्याच बैलावर बारीक रेषांची आणि भरगच्च नक्षीची दुसरी आवृत्ती त्या फाईलवरूनच करता येते.