रोज सकाळी सात, पण कुठल्या घड्याळाचे?

थायरॉइडची गोळी रोज सकाळी सात वाजता, उपाशीपोटी घ्यायची म्हणून एका बाईंनी मोबाइलच्या ॲपमध्ये रोजचं स्मरण लावून ठेवलं आहे, असं धरू. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि रात्री अकराच्या विमानाने मुंबईहून लेकीकडे न्यू जर्सीला निघाल्या. विमानात फोन मुंबईच्याच वेळेवर होता, त्यामुळे मंगळवारी सात वाजता तो वाजला आणि त्यांनी गोळी घेतली. सोळा तासांच्या प्रवासानंतर त्या नेवार्कला उतरल्या, तेव्हा भारतात मंगळवारी दुपारचे तीन आणि तिथे मंगळवारी पहाटेचे साडेचार झाले होते. नेटवर्क मिळताच फोनने घड्याळ बदललं. अडीच तासांनी पुन्हा मंगळवारचे सात वाजले आणि पुन्हा स्मरण आलं. ते ऐकून गोळी घेतली, तर दोन गोळ्यांमध्ये अंतर पडतं फक्त साडेदहा तासांचं.

परतीच्या वेळी उलटं होतं. शुक्रवारी रात्री नऊला तिकडून विमान सुटतं, तेव्हा भारतात शनिवारी सकाळचे साडेसात झालेले असतात. आसनावर बसल्याबसल्या बाईंनी फोन भारताच्या वेळेवर लावला, तर शनिवारचे सात अर्ध्या तासापूर्वीच होऊन गेलेले. ॲपला आजची वेळ टळलेली दिसते आणि ते थेट रविवारी सातला वाजतं. शुक्रवारच्या गोळीपासून मोजलं तर मधे साडेसदतीस तास जातात. फोन बिघडला नव्हता, ॲपही सांगितल्याप्रमाणेच वागलं. अपुरी होती ती सूचना.

‘रोज सात वाजता’ या सूचनेचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. पहिला अर्थ, मी जिथे असेन तिथल्या घड्याळात सात. सकाळी उठणं, व्यायाम, नाश्ता ही कामं अशी असतात, कारण ती तिथल्या दिवसाशी बांधलेली असतात. दुसरा अर्थ, एका ठरावीक गावाच्या घड्याळात सात, मग मी कुठेही असो. तिसरा अर्थ, मागच्या वेळेपासून ठरावीक तास उलटल्यावर. स्मरण लावताना आपण फक्त आकडा देतो आणि अर्थ ॲपवर सोडतो. माणूस एकाच देशात असेपर्यंत तिन्ही अर्थांचं उत्तर बहुधा एकच येतं, म्हणून ही फट दिसत नाही.

दुसऱ्या अर्थाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे घरचा फोन. पुण्यातल्या आईवडिलांशी रात्री साडेआठला बोलायचं असं न्यू जर्सीतल्या मुलाने ठरवलं. हिवाळ्यात तिकडची वेळ भारताच्या साडेदहा तास मागे असते, म्हणून त्याने तिथल्या सकाळी दहाचं स्मरण लावलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घड्याळं एक तास पुढे जातात, भारतात मात्र असा बदल होत नाही. अंतर साडेनऊ तासांवर येतं. मुलाचा फोन नेहमीप्रमाणे दहाला वाजतो, पण पुण्यात तेव्हा साडेसातच झालेले असतात. हे स्मरण भारताच्या घड्याळाला बांधलेलं असतं, तर मार्चनंतर ते आपोआप तिथल्या अकराला आलं असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर पुन्हा दहाला.

म्हणून चांगलं ॲप अशी नोंद ठेवताना वेळेसोबत प्रदेशाचं नावही ठेवतं:

```
20:30  Asia/Kolkata
07:00  America/New_York
```

इथे नुसता ‘पाच तास मागे’ असा आकडा चालत नाही. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात चार. शिवाय हे नियम सरकारं ठरवतात आणि बदलतातही. २०२३च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने घड्याळं पुढे करण्याचा दिवस ऐन वेळी लांबणीवर टाकला आणि विरोध झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. अशा सगळ्या बदलांची नोंद प्रदेशांच्या नावांनिशी एका सामायिक माहितीसाठ्यात ठेवली जाते. जगभरचे बहुतेक फोन आणि अनेक संगणक तोच साठा वापरतात आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. प्रदेशाचं नाव जपलेलं असेल, तर नियम बदलल्यावरही योग्य क्षण नव्याने काढता येतो. नुसता आकडा जपला असेल, तर नियम बदलल्याचं ॲपला कळत नाही.

हा क्षण काढण्याचं काम रोज नव्याने करावं लागतं. आजच्या वेळेत चोवीस तास मिळवून उद्याचं स्मरण लावणं सोपं वाटतं, पण घड्याळ पुढे जाण्याचा तो रविवार तेवीस तासांचा असतो. शनिवारच्या सातमध्ये चोवीस तास मिळवले, तर रविवारी स्मरण आठला येतं आणि पुढे आठलाच येत राहतं. त्याच रविवारी पहाटे दोननंतर थेट तीन वाजतात, त्यामुळे अडीचचं स्मरण लावलं असेल तर ती वेळच उगवत नाही. नोव्हेंबरमध्ये पहाटेचे दीड दोनदा वाजतात. अशा वेळी स्मरण पुढे ढकलायचं की एकदाच वाजवायचं, हे ॲप बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असावं लागतं.

प्रवासात आणखी एक चूक होते. अँड्रॉइडवर अनेक ॲप्स पुढचं स्मरण एका पक्क्या क्षणासाठी लावून ठेवतात. फोन दुसऱ्या प्रदेशात गेल्यावर यंत्रणा ॲपला तसं कळवते, आणि ॲपने तेव्हा नव्याने हिशेब करायचा असतो. तो केला नाही, तर मुंबईच्या सकाळी सातचं स्मरण हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्री साडेआठला वाजतं. ठरलेल्या वेळेपासून नेमका दोन प्रदेशांतल्या फरकाइतका गोंधळ झाला, तर दोष बहुधा इथेच असतो.

आता पुन्हा गोळीकडे येऊ. तिच्यासाठी कोणता अर्थ घ्यायचा, हे औषध ठरवतं. थायरॉइडसाठी दिलं जाणारं लेव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे काही तासांच्या फरकाने रक्तातलं प्रमाण फारसं हलत नाही. उपाशीपोटी घेण्याला इथे अधिक महत्त्व आहे, म्हणून स्थानिक सकाळ हा अर्थ योग्य. याउलट, फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या जुन्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळीला तीन तासांहून अधिक उशीर झाला, तर तिच्या परिणामाचा भरवसा राहत नाही. तिथे तिसरा अर्थ हवा, मग गोळीची वेळ तिकडच्या रात्री आली तरी चालेल. इन्सुलिनचं वेळापत्रक तर लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं.

औषधांच्या ॲपला म्हणून दोन गोष्टींची गरज असते. मागची गोळी खरोखर कधी घेतली, तो क्षण त्याने यूटीसीत नोंदवावा, कारण तारीख आणि स्थानिक वेळ प्रवासात फसवतात. शिवाय दोन गोळ्यांमधलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर त्याला सांगता यायला हवं. कमीत कमी सोळा तास असं सांगितलं असतं, तर नेवार्कला ॲप मंगळवारी गप्प राहून बुधवारी सकाळी सातला वाजलं असतं. विमानातल्या गोळीपासून ते अंतर साडेचौतीस तासांचं होतं. या औषधाला ते चालतं. गर्भनिरोधक गोळीला चालणार नाही, म्हणून तिथे जास्तीत जास्त अंतराची मर्यादा ॲपला आधी वाजायला लावते.

आपलं ॲप कसं वागतं, हे प्रवासाआधी घरीच तपासता येतं. दहा मिनिटांनंतरचं एक स्मरण लावा. मग फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ घेणं बंद करून प्रदेश न्यूयॉर्क करा. स्मरण दहा मिनिटांनीच वाजलं, तर ते आधीच्या क्षणाला किंवा भारताच्या घड्याळाला बांधलेलं आहे. न वाजता न्यूयॉर्कच्या त्याच आकड्याची वाट पाहत राहिलं, तर ते स्थानिक घड्याळाबरोबर फिरतं. घरच्या फोनसाठी पहिलं वागणं चालतं, सकाळच्या व्यायामासाठी दुसरं. ॲप दोन्हींपैकी एकच देत असेल, तर घरच्या फोनची नोंद कॅलेंडरमध्ये करा आणि तिथे भारताचा प्रदेश निवडा. बहुतेक कॅलेंडर ॲप्समध्ये ही सोय असते. तपासणी झाली की फोन पुन्हा आपोआप वेळ घेण्यावर ठेवा.