पाचट पेटवण्याआधी

ऊस तुटला की संध्याकाळी काडी ओढायची, ही आपली सवय. एकरात साधारण तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र धुरातून जातं. राखेत उरतं थोडं पालाश. आच वरच्या दोन-तीन बोटांनाच लागते, पण जिवाणू आणि बुरशी तिथंच जास्त असतात. खोलवर जे वाचतात, त्यांचं खाणं आपण जाळून टाकलेलं असतं.

त्यापेक्षा बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सुपर फॉस्फेट पसरा. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक ४ किलो, शेणखतात मिसळून टाका आणि पाणी द्या. युरिया कशाला? पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. मग कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. ‘पाचटानं ऊस पिवळा केला’ ही ओरड बहुधा युरिया वाचवणाऱ्यांचीच असते! पहिलं पाणी सरीत रेंगाळतं, हे मात्र खरं. तीन-चार महिन्यांनी सरीतलं पाचट मुठीत चुरगाळून बघा. काळपट भुगा झाला तर कुजतंय. पिवळं, कडक राहिलं तर ओल कमी पडली.