हळदीची यादी आणि जुळी गिऱ्हाइकं

"दादा, बाई लई भडकल्यात. म्हणल्या, माझा ईमेल फेसबुकला कुणी दिला?"

शनिवारची सकाळ, हातात कॉफीचा पहिला मग आणि फोनवर आखाडा बाळापूरहून मावसभाऊ. हळदीच्या पट्ट्यातलं आमचं हे आजोळ. पठ्ठ्या तिथून हळद पावडर कुरियरने पुण्या-मुंबईला पाठवतो. जाहिरातीचा फंडा त्याला शिकवला मीच, म्हणजे आरोपी मीच!

केलं होतं असं : ऑर्डरींची एक्सेल शीट, बाराशेच्या आसपास ओळी, ईमेल आणि मोबाईल नंबर. ती जशीच्या तशी मेटाच्या जाहिरात खात्यात चढवायची. तिकडे ती फेसबुक-इन्स्टाच्या खात्यांशी जुळवली जाते आणि जी सापडतात त्यांचा गट बनतो. हा झाला 'कस्टम ऑडियन्स'. मग त्या गटासारखी वागणारी नवी माणसं शोधून द्या म्हणायचं, तो 'लुकअलाइक'. बाईंनी जाहिरातीवरच्या तीन टिंबांवर टिचकी मारून 'ही जाहिरात मला का दिसते' असं विचारलं असणार. तिथे जाहिरातदाराने यादी दिल्याचं सरळ लिहिलेलं असतं. संपला विषय.

"पण दादा, तू तर म्हणला होतास की ते कोडमधी जातंय?"

म्हणालो होतो खरं. चढवताना प्रत्येक ईमेलचं एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरी ठसा बनवून पाठवलं जातं. त्या ठशावरून ईमेल उलट काढता येत नाही. पण एकाच ईमेलचा ठसा जगात कुठेही एकच येतो, त्याशिवाय जुळणी होईलच कशी? मेटाकडे तो ईमेल आधीच असेल तर तो माणूस लगेच ओळखू येतो. म्हणजे हे कुलूप आहे, पण समोरच्याकडे किल्ली आहे. २०१८ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने एका ऑनलाइन दुकानाला हेच ऐकवलं : ठसा केला तरी ती वैयक्तिक माहितीच, संमती हवीच. आपल्याकडचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही हेतूवर बोट ठेवतो. ज्या कामासाठी माहिती घेतली, संमती तेवढ्याचीच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. आमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, 'ईमेल (बिलासाठी)'. बोला आता!

तर त्या दिवशी जुना गट आणि त्यावरून काढलेला लुकअलाइक, दोन्ही डिलीट. फॉर्मवर दोन वेगळे चौकोन टाकले, एक बिलासाठी आणि दुसरा 'माझा ईमेल-मोबाईल फेसबुक-इन्स्टावरच्या जाहिरातींसाठी वापरला तर चालेल'. दुसरा आधीच टिक केलेला नाही. जुन्या गिऱ्हाइकांना साधं पत्र पाठवून विचारलं, गप्प राहिलेल्यांना नकार धरलं. होकार आले साडेतीनशेच्या आत. भाऊ हिरमुसला.

खरी गंमत मात्र पुढेच. जुन्या यादीत नांदेडचे दोन-चार ठोक व्यापारी होते, दिवाळी गिफ्टपुरते एकदाच आलेले होते, 'gmial.com' वालेही होते. अशा खिचडीवरून मशीन काय कपाळ ओळखणार? म्हणून बियाणं म्हणून फक्त दोनदा किंवा जास्त वेळा घरगुती हळद मागवलेले घेतले. ईमेल लहान लिपीत, मागेपुढची रिकामी जागा काढून. मोबाईल नंबर ९१ सकट, कारण आपल्याकडे कित्येकांचं फेसबुक खातं नंबरवरच उघडलेलं असतं आणि नुसत्या ईमेलवर जुळणी फारच कमी होते. निम्म्याहून कमी ओळी जुळत असल्या तर आधी हा नंबरचा रकाना तपासायचा.

लुकअलाइकला एका देशातली किमान १०० जुळलेली माणसं लागतात. मेटा स्वतः हजार ते पाच हजारांचा सल्ला देते. आम्ही जेमतेम शंभरी ओलांडली. म्हणजे चालतं, पण भरवसा कच्चा. आकार १ टक्का ठेवला. पण भारताचा १ टक्का म्हणजे लाखो माणसं! कुरियर परवडतं फक्त महाराष्ट्रात, म्हणून जाहिरातीला राज्याची मर्यादा घातली. आणि होकार दिलेली जुनी गिऱ्हाइकं वगळली, नाहीतर बियाण्यात न घेतलेल्यांपुढेच पैसे जळतात.

एक काम भाऊ विसरेल म्हणून मी त्याच्या कॅलेंडरवर टाकलंय : दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, नाव काढा म्हणणाऱ्यांना मेटातल्या गटातूनही काढायचं. एक्सेलमधून ओळ पुसली म्हणून तिकडची पुसली जात नाही.

त्याच बाईंनी परवा पुन्हा दोन किलो मागवली. भावाने लगेच फोन केला, "दादा, बाईंची ऑर्डर आली!"

दुसरा चौकोन रिकामाच होता.