महागाईच्या फरकातून रुपयाचा दर

दोन देशांत भाव वेगवेगळ्या गतीने वाढत असतील, तर जास्त महागाईच्या देशाचं चलन त्या फरकाइतकं उतरतं. क्रयशक्ती समानतेच्या सिद्धांताचं हे भाकीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातल्या देशांत भाव फार असमान वाढले होते. तेव्हा चलनांचे दर कुठे ठरवावेत, या प्रश्नावर स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव कासेल यांनी हे उत्तर पुढे आणलं. ते रुपया आणि डॉलरला लावून पाहू.

सोलापुरात तयार झालेल्या टॉवेलांचा एक गठ्ठा घ्या. २०१० मध्ये डॉलर सरासरी ४६ रुपयांच्या आसपास होता. गठ्ठ्याची किंमत ४६० रुपये धरली, तर अमेरिकेतल्या खरेदीदाराला तो १० डॉलरला पडतो. तसाच गठ्ठा त्याला आपल्या देशातही १० डॉलरलाच मिळतो असं समजू. पुढच्या दहा वर्षांत भारतात ग्राहक किमती सुमारे ९० टक्क्यांनी वाढल्या, अमेरिकेत सुमारे १९ टक्क्यांनी. टॉवेलाचा भावही तेवढाच वाढला असं मानलं, तर सोलापूरचा गठ्ठा ८७४ रुपयांचा झाला आणि अमेरिकेतला ११.९० डॉलरचा.

डॉलर ४६ रुपयांवरच राहिला असता, तर आपला गठ्ठा १९ डॉलरला पडला असता. तो कुणी घेतला नसता. निर्यात घटली असती, बाहेरचा माल इथे स्वस्त वाटून आयात वाढली असती. आयातदारांना जास्त डॉलर लागले असते आणि निर्यातदारांकडून कमी आले असते. डॉलर महाग होण्याचं कारण हेच. दोन्हीकडचा गठ्ठा पुन्हा एकाच किमतीला येण्यासाठी दर ८७४ भागिले ११.९०, म्हणजे सुमारे ७३ रुपये हवा. २०२० मध्ये प्रत्यक्ष सरासरी दर ७४ च्या आसपास होता.

सूत्र असं:

नवा दर = जुना दर × (आपल्याकडे भाव किती पट झाले ÷ तिकडे किती पट झाले)

इथे १.९० ला १.१९ ने भागायचं. बरेच जण ९० मधून १९ वजा करतात आणि ४६ मध्ये ७१ टक्के मिळवतात. उत्तर जवळपास ७९ येतं. एका वर्षासाठी वजाबाकी चालून जाते, दशकासाठी नाही.

आता हेच सूत्र आधीच्या दशकाला लावू. २००० मध्ये डॉलर सरासरी ४५ रुपये होता. २०१० पर्यंत भारतात ग्राहक किमती सुमारे ८४ टक्के वाढल्या, अमेरिकेत सुमारे २७ टक्के. सूत्र ६५ रुपये सांगतं, पण दर ४६ च्या आसपासच राहिला. भाकीत साफ चुकलं.

याला दोन मोठी कारणं होती. एक, त्या दशकात शेअर बाजारात, उद्योगांत आणि सॉफ्टवेअर सेवांच्या मोबदल्यात डॉलरचा मोठा ओघ आला. सूत्र फक्त मालाचे भाव पाहतं, भांडवलाची ये-जा त्यात नाही. दुसरं, ग्राहक निर्देशांकात घरभाडं, भाजी, दूध, शाळेची फी असं बरंच काही असतं जे बंदरावरून जात नाही. वेगाने वाढणाऱ्या देशात निर्यातक्षेत्राची उत्पादकता वाढते, मजुरी चढते आणि ती चढलेली मजुरी या स्थानिक गोष्टी महाग करते. निर्देशांक वर जातो, पण निर्यातीचा माल त्या प्रमाणात महाग होत नाही. बेला बालाशा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये हा परिणाम मांडला.

अल्पकाळात तर हे सूत्र हाताशी धरूच नये. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता. दोन देशांच्या महागाईतला त्या वर्षीचा फरक साधारण चार टक्क्यांचा होता, म्हणजे वर्षअखेर ४१ च्या आसपास दर अपेक्षित होता. जागतिक आर्थिक संकटात परदेशी पैसा बाहेर गेला आणि दर ४८-४९ वर पोहोचला. अशी तफावत निम्मी भरून यायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, असं अनेक देशांच्या अभ्यासांतून दिसतं.

म्हणून मोजणी कुठल्या वर्षापासून सुरू केली, याला फार महत्त्व आहे. सुरुवातीलाच रुपया वाजवीपेक्षा स्वस्त किंवा महाग असेल, तर ती चूक शेवटच्या उत्तरात जशीच्या तशी उतरते. ते तपासायला रिझर्व्ह बँकेचा वास्तव प्रभावी विनिमय दर उपयोगी पडतो. ४० चलनांशी तुलना करून, महागाईचा फरक हिशेबात धरून तो काढतात आणि २०१५-१६ ची पातळी १०० धरतात. आकडा १०० च्या बराच वर असेल, तर त्या वर्षाच्या मानाने रुपया महाग आहे.

मुलीची अमेरिकेतली फी पुढच्या वर्षी भरायची असेल, तर हे सूत्र काही सांगत नाही. ती दहा वर्षांनी भरायची असेल आणि भारतात सरासरी साडेचार टक्के, तिकडे अडीच टक्के महागाई धरली, तर डॉलर आजच्यापेक्षा सुमारे २१ टक्के महाग होईल, असं मानून बचतीचा हिशेब सुरू करावा. मात्र २००० ते २०१० या दशकात भाकीत आणि प्रत्यक्ष दर यांत १९ रुपयांचं अंतर पडलं होतं, तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळीक ठेवावी.